आधी पिशवी फाडा!

आज भाचीचं भाषण होतं. नववीत आहे, शाळेच्या इको क्लबची लीडर, आणि आज त्यांच्या वृक्षारोपणाचा शुभारंभ. आठ दिवस आम्ही दोघी जेवणं झाली की त्या भाषणावर बसत होतो. काल संध्याकाळी शाळेतून निरोप आला, "ते पिशवीचं आणि पाण्याच्या हिशेबाचं काढून टाका, पाहुणे येणार आहेत, जरा भावनिक घाला." माझं डोकं तडकलं ते अजून उतरलेलं नाही.

पिशवीचं का काढायचं? मागच्या जुलैत याच शाळेत चाळीस रोपं लागली, टाळ्या वाजल्या, समोसे वाटले. फेब्रुवारीत भिंतीलगतचं करंजाचं रोप वाळलेलं दिसलं म्हणून हिने ओढलं, तर ते अलगद हातातच आलं. खाली नर्सरीची काळी पिशवी जशीच्या तशी! आत मुळं खाटेच्या सुंभासारखी गोल गोल गुंडाळलेली, बाहेरच्या मातीत एकही नाही. पोरगी म्हणाली, "मावशी, याला कुणी सोडलंच नाही गं."

ती पिशवी तिने धुऊन ठेवली होती. आज तीच घेऊन स्टेजवर गेली. मी काही काढायला लावलं नाही.

2024 मध्ये आपल्या इंदूरने रेवती रेंजवर एका दिवसात 12 लाखांवर रोपं लावून गिनीजमध्ये नाव घातलं, तेव्हापासून जो तो आकडा विचारतो. किती लावली? किती जगली, हे कोण विचारणार? बरं, मान्य, फोटो आणि पाहुणे नसते तर रोपंही मिळाली नसती. पुढे.

कार्यक्रम आधी 5 जूनला ठरत होता. अहो, पर्यावरण दिन असेल, पण तेव्हा इंदुरात पाऊस कुठला? शाळाही बंद. हिने हट्टाने जुलैपर्यंत थांबवलं. दोन-तीन दणदणीत पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजली, मग दीड-दीड फुटाचे खड्डे. मुलांना तिने करूनच दाखवलं. पिशवी ब्लेडने उभी चिरायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, तळाशी वेटोळं झालेली मुळं कापून मोकळी करायची, आणि पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच रोप पुरायचं. खोडावर माती चढवली की ते कुजतं. आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते, म्हणून आत्ता अख्खं रोपच जरा उंचवट्यावर हवं, खोडाला माती न लावता. आळं करायचं ते दसऱ्यानंतर.

आणि "पग पग नीर"वाल्या माळव्यात खरा घोळ पाण्याचाच. मागच्या वर्षीची ज्यांची पिशवी निघाली होती, अशी अकरा रोपं एप्रिलपर्यंत हिरवी होती. सुट्टी लागली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा चार.

आता हिचा हिशेब ऐका, जो "काढून टाका" म्हणत होते. वर्गात चाळीस मुलं. शाळा सुटताना प्रत्येकाच्या बाटलीत कपभर पाणी उरतं, ते गटारात जातं. चाळीस कप म्हणजे आठ लिटर. एका वर्गाला पाच झाडं, रोज एकाची पाळी, आठवड्यात पाचही भिजली. नळ नको, माळी नको. राहिली सुट्टी. साधारण सात शनिवार, झाडं पाच, म्हणजे पस्तीस बादल्या. मुलं चाळीस! म्हणजे अख्ख्या सुट्टीत एकेका मुलाने फक्त एकदा यायचं, आणि पाच जण मामाच्या गावाला गेले तरी भागतं. मे महिन्यात आठवड्याला एकच बादली म्हणजे थोडीच आहे, कबूल. पण आळ्यात वाळका पाला चार बोटं जाड पसरला तर रोप तग धरतं.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवलाय, कारण पुढचं सांगायचं राहिलंच. पाहुणे उठले, रोप उचललं, फोटोवाला पुढे सरसावला. आणि ते थांबले. पिशवीकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बेटा, ब्लेड दे." खाली बसून स्वतः चिरली. पांढऱ्या कुर्त्याचे गुडघे चिखलाने माखले. ज्यांनी निरोप पाठवला होता ते शेजारी छत्री धरून उभे.

मग हिने शपथ दिली. "पृथ्वी वाचवू"वाली नाही. एकच ओळ, आठशे पोरांनी हात पुढे करून म्हटलेली:

"उन्हाळ्याच्या सुट्टीत, माझ्या नावाच्या शनिवारी, माझ्या वर्गाच्या झाडाला मी एक बादली पाणी घालीन."