“उपयुक्त चर्चेबद्दल आभार” म्हणे!

काल माझ्या एका सहकाऱ्याचा पेपर आला. मी अ‍ॅब्स्ट्रॅक्टबिब्स्ट्रॅक्ट सोडून थेट Ctrl+F मारून स्वतःचं आडनाव शोधलं, हो, करते मी असं, सगळेच करतात. सापडलं एकदाच, तेही शेवटी आभारात: “उपयुक्त चर्चेबद्दल आभार”. कसली चर्चा रे बाबा? तुझ्या तिसऱ्या आकृतीतला एकूण एक ठिपका माझ्या डेटासेटमधला आहे! तो डेटा रिपॉझिटरीत पडलाय, डीओआय आहे, व्हर्जन नंबर आहे, खाली सायटेशनची ओळ तयार आहे, नुसती उचलून रेफरन्समध्ये टाकायची होती. तेवढं नाही झालं. मेथड्समध्ये काय, तर “डेटा एका सहकाऱ्याकडून मिळाला”. वाचणाऱ्याने आता गावभर सहकारी शोधत फिरायचं का?

फोन केला तर म्हणतो, “अगं, नाव दिलंय की!”

नावाचं लोणचं घालू? त्याने वापरलंय पहिलं व्हर्जन. दुसऱ्यात मी सेन्सरचा ड्रिफ्ट, त्याचं रीडिंग काळाबरोबर आपोआप सरकत जातं ना ते, काढून टाकलाय, म्हणजे त्याचा तो चढता आलेख ज्यावर अख्खा निष्कर्ष उभा आहे, त्यातला बराचसा चढ सेन्सरचाच आहे. व्हर्जनसकट साइट केलं असतं तर कुणीही दोन मिनिटांत पकडलं असतं. आता कुणाला कळणारही नाही, वर आभारात माझं नाव वाचून लोकांना वाटणार हिलाही हे पटलंय. म्हणूनच तर आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमांत सांगितलंय की आभारात नाव घालण्याआधी त्या माणसाची लेखी परवानगी घ्यावी. मला कोण विचारतंय!

फंडिंग एजन्सीचं मात्र बघा, पूर्ण नाव, ग्रँट नंबर, त्यातली तिरकी रेघसुद्धा जागच्या जागी. तिथे चुकलं तर अहवालात तो पेपर दाखवता येत नाही ना, मग बरोबर जमतं.

आणि सर तिसरे लेखक. ड्राफ्ट उघडलासुद्धा नसणार, पैज लावते. नुसती देखरेख करणं किंवा पैसे आणून देणं याने कुणी लेखक होत नाही, हेही त्याच नियमांत आहे, त्यांची जागा आभारात. म्हणजे सर माझ्या जागेवर बसलेत आणि मी सरांच्या! माझ्या थीसिसच्या वेळीही हेच झालेलं, जाऊ दे, तो विषय काढला तर रात्र पुरणार नाही.

बरं, चहा पिताना सुचवलेली कल्पना असती तर मी ब्रसुद्धा काढला नसता. छापलेली नसेल तर मजकुरातच नाव, तारीख आणि “वैयक्तिक संवाद” लिही, तेही मला विचारून, नाहीतर आभारात नेमकं सांग की अमुक पद्धत हिने सुचवली. संपलं. पण डेटा म्हणजे चर्चा नव्हे रे!

नवरा म्हणतो एका ओळीसाठी एवढा थयथयाट? हो, एका ओळीसाठीच. जर्नलला करेक्शनची मेल लिहायला बसलेय, रेफरन्स, व्हर्जन, सगळं नीट मांडलंय, फक्त त्याला सीसीत ठेवताना वर “प्रिय” लिहावं लागतंय तिथे हात अडलाय.