दुय्यम गुणपत्रिकेचा अर्ज परत का येतो

माझ्या वहिनींची बारावीची गुणपत्रिका घर बदलताना गहाळ झाली. परीक्षा मार्च 1998 ची, आणि नोकरीच्या ठिकाणी कागदपत्रांच्या पडताळणीसाठी मूळ प्रत मागितलेली. अर्ज मी स्वतः तयार केला, सगळी कागदपत्रे जोडली, तरीही तो एकदा परत आला. त्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की दुय्यम प्रतीचा अर्ज अडतो तो बहुतेक वेळा एखादा कागद कमी असल्यामुळे नव्हे, तर जोडलेले कागद एकमेकांशी जुळत नसल्यामुळे.

आपल्या राज्य मंडळाची दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली, तर ज्या विभागीय मंडळातून परीक्षा दिली त्याच्याकडे अर्ज करावा लागतो आणि तो आपल्या शाळेमार्फत किंवा कनिष्ठ महाविद्यालयामार्फत, मुख्याध्यापकांच्या किंवा प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी पाठवणे हा सरळ मार्ग आहे. अर्जात परीक्षेला नोंदवलेले पूर्ण नाव, आईचे नाव, परीक्षेचा महिना व वर्ष, बैठक क्रमांक, शाळेचे नाव व सांकेतांक आणि प्रत कशासाठी हवी आहे ते कारण लिहावे. सोबत पोलिसांकडील गहाळ नोंदीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्राची प्रत, शाळा सोडल्याचा दाखला आणि शुल्क भरल्याची पावती असावी. जुन्या गुणपत्रिकेची झेरॉक्स कुठे सापडली, तर तीही अवश्य जोडावी. शुल्क वेळोवेळी बदलते, त्यामुळे ते भरण्यापूर्वी त्याच कार्यालयात विचारून घेतलेले बरे.

या सगळ्यात बैठक क्रमांक हा खरा आधार आहे, कारण मंडळातील जुना अभिलेख शोधला जातो तो परीक्षेचे वर्ष आणि हा क्रमांक यांवरून. नुसत्या नावावरून 1998 मधील एक विद्यार्थिनी शोधणे फार अवघड असते. वहिनींकडे हॉल तिकीट नव्हते. तो क्रमांक आम्हाला मिळाला तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील शेऱ्यात, ‘मार्च 1998 ची परीक्षा उत्तीर्ण’ या ओळीच्या शेवटी, निळ्या शाईने बारीक अक्षरात लिहिलेला. दाखल्यावर तो नसेल, तर मंडळाच्या उत्तीर्ण प्रमाणपत्रावर पाहावा किंवा शाळेला त्या वर्षीचे निकालपत्रक काढून दाखवण्याची विनंती करावी. शाळाच बंद पडली असेल, तर तिचे दप्तर कोणाकडे वर्ग झाले याची चौकशी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी.

आमचा अर्ज परत आला त्याला दोन कारणे होती. पोलीस ठाण्यातील नोंदीत आम्ही ‘शैक्षणिक कागदपत्रे गहाळ’ एवढेच लिहून आलो होतो. कोणती परीक्षा, कोणते वर्ष, कोणता बैठक क्रमांक यांचा त्यात उल्लेख नव्हता. दुसरे म्हणजे प्रतिज्ञापत्र वहिनींच्या सासरच्या नावाने केले होते, तर गुणपत्रिका साहजिकच माहेरच्या नावाची. अर्ज पाहणाऱ्या लिपिकाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या स्त्रिया होत्या, आणि मला त्यांचे मुळीच चुकले असे वाटत नाही. दुसऱ्याच्या नावाची गुणपत्रिका कोणाच्याही हाती पडू नये, हे त्यांनी पाहायलाच हवे.

मग आम्ही नव्याने गहाळ नोंद केली आणि तिच्यात परीक्षेचा पूर्ण तपशील लिहून घेतला. प्रतिज्ञापत्रात ‘लग्नापूर्वीचे नाव अमुक, लग्नानंतरचे नाव अमुक, ही दोन्ही नावे माझीच आहेत’ असे स्पष्ट वाक्य घातले, मूळ प्रत कोठेही गहाण ठेवलेली नाही व कोणत्याही संस्थेने अडवून ठेवलेली नाही असे लिहिले, आणि विवाह प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडली. या वेळी अर्ज स्वीकारला गेला. दुय्यम प्रत मात्र माहेरच्याच नावाने येते, कारण ती जुन्या नोंदीची नक्कल असते. तिच्यात नाव बदलून मिळत नाही. त्यामुळे ती जिथे सादर कराल तिथे विवाह प्रमाणपत्रही द्यावे लागते.

गुणपत्रिका हरवलेली नसून फाटली किंवा भिजली असेल, तर तिचे उरलेले तुकडे फेकू नयेत. तेच अर्जासोबत जमा करावेत, कारण अशा वेळी गहाळ नोंदीचा प्रश्नच येत नाही. एकापेक्षा अधिक प्रयत्नांत उत्तीर्ण झालेल्यांनी प्रत्येक प्रयत्नाचा महिना, वर्ष आणि बैठक क्रमांक वेगळा लिहावा, कारण प्रत्येक प्रयत्नाची गुणपत्रिका स्वतंत्र असते.

ही धावपळ सुरू करण्याआधी आपली गुणपत्रिका डिजिलॉकरवर उपलब्ध आहे का, ते मात्र जरूर पाहावे. मंडळाने तेथे थेट दिलेली प्रत माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या प्रतीला तो दर्जा नाही. अशी प्रत समोर असूनही जी कार्यालये उमेदवाराला दुय्यम प्रतीसाठी पिटाळतात, त्यांनी हा हट्ट सोडावा असे मला मनापासून वाटते. वहिनींच्या वर्षाची प्रत तेथे आम्हाला मिळाली नाही, म्हणून अर्जावाचून गत्यंतर नव्हते.

आमच्या प्रतिज्ञापत्रातले शेवटचे वाक्य असे होते की मूळ गुणपत्रिका पुढे सापडल्यास ती मंडळाकडे जमा करीन. ती अजून सापडलेली नाही, पण त्या प्रतिज्ञापत्राची एक प्रत वहिनींनी दुय्यम गुणपत्रिकेच्याच पाकिटात ठेवली आहे.