क्लोजिंग स्टॉकच्या डोक्यावर रिकाम्या मशीनचं भाडं कशाला?

आमच्या अकाउंटवाल्या ग्रुपात मार्चपासून हे फिरतंय: «वर्षाच्या शेवटी जे फॅक्टरी ओव्हरहेड अंडर-अ‍ॅब्सॉर्ब राहतं ते विकलेला माल आणि क्लोजिंग स्टॉक यांच्यात प्रमाणात वाटायचंच, कारण खर्च माल बनवायलाच झाला. सगळं कॉस्ट ऑफ सेल्सला टाकणारे नफा दाबतात, इन्कम टॅक्समध्ये ते चालत नाही. नॉर्मल कपॅसिटी हे मोठ्या कंपन्यांचे चोचले, आपल्या एमआयडीसीतल्या युनिटनं प्रत्यक्ष उत्पादनानं भागायचं.»

आता हे लिहिणारा काही अडाणी नाही, त्यानं कॉस्टिंगचं पुस्तक वाचलंय पण अर्धं गणित लक्षात ठेवलंय. परीक्षेत यायचं ना, «अंडर-अ‍ॅब्सॉर्प्शनपैकी ६० टक्के सदोष नियोजनामुळं, बाकी खर्च वाढल्यामुळं», तर त्यातला दुसरा भाग सप्लिमेंटरी रेटनं विक्री, तयार माल, डब्ल्यूआयपीत वाटायचा आणि पहिला थेट कॉस्टिंग पीअँडएलला. दुसरा भाग ग्रुपात पोचला, पहिला वाटेत कुठं गळला कोण जाणे.

«खर्च माल बनवायलाच झाला» हे आधी आकड्यात बघू. समजा हिंगण्याला ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या फॅब्रिकेट करणारं एक युनिट आहे. आकडे माझे, सोपे घेतलेत आणि सुरुवातीचा स्टॉक शून्य धरलाय. मागच्या चार वर्षांत ११,६०० ते १२,४०० टाक्या निघाल्या, सरासरी १२,०००. स्थिर ओव्हरहेडचं, म्हणजे शेडचं भाडं, डेप्रिसिएशन, सुपरवायझरचे पगार, विजेचा फिक्स्ड डिमांड चार्ज यांचं बजेट ९६ लाख, म्हणून रेट टाकीमागं ८०० रुपये. वर्षभर ऑर्डरी आटल्या, उन्हाळ्यात प्रेस महिनाभर बंद पडली, निघाल्या ९,००० टाक्या. प्रत्यक्ष स्थिर खर्च ९९ लाख. अ‍ॅब्सॉर्ब झाले ९,००० गुणिले ८००, म्हणजे ७२ लाख. राहिले २७ लाख. ३१ मार्चला शेडमधे १,५०० टाक्या पडून होत्या.

ग्रुपातल्या पद्धतीनं काय होतं बघा, ९९ लाख भागिले ९,०००, टाकीमागं १,१०० रुपये. तीच प्रेस, तोच पत्रा, तेच वेल्डर, फक्त ऑर्डरी कमी आल्या म्हणून टाकी ३०० रुपयांनी «महाग» झाली. आणखी ऑर्डरी गेल्या आणि ६,००० च निघाल्या असत्या तर स्थिर खर्च टाकीमागं १,६५०! म्हणजे धंदा जितका बसेल तितका पडून राहिलेला माल मौल्यवान, असं हे गणित म्हणते. अहो, ज्या तासांना प्रेस बंद होती त्या तासांत एकही टाकी बनली नाही, मग त्या तासांचं भाडं कोणत्या टाकीला चिकटवता? मालक याला खूष असतो कारण बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटला आकडा फुगलेला दिसतो, ती वेगळी गोष्ट.

एएस २ आणि इंड एएस २ दोन्ही म्हणतात की स्थिर उत्पादन ओव्हरहेड नॉर्मल कपॅसिटीवर वाटायचं, उत्पादन कमी झालं किंवा प्लांट रिकामा राहिला म्हणून प्रतिनग रक्कम वाढवायची नाही, आणि जे वाटलं गेलं नाही ते त्याच वर्षाचा खर्च. बदलणारं ओव्हरहेड वेगळं, ते प्रत्यक्ष वापरावर जातं, इथं त्याचा विषय नाही.

मग सगळे २७ लाख डोळे मिटून खर्चात? तसंही नाही, आणि इथं मेसेजवाल्याचं थोडं खरं आहे. २७ लाखाचे दोन तुकडे आहेत. ३,००० टाक्या कमी निघाल्या, गुणिले ८००, हे २४ लाख रिकाम्या कपॅसिटीचे. उरलेले ३ लाख म्हणजे खर्चच बजेटपेक्षा जास्त झाला, भाडं वाढलं, डिमांड चार्ज वाढला. वाढलेलं भाडं हा नॉर्मल खर्च आहे, आपला ८०० चा अंदाजच कमी होता, तर खरा रेट ९९ लाख भागिले १२,०००, म्हणजे ८२५. भागाकारात १२,००० आहे, ९,००० नाही, ह्या एका आकड्यावर सगळी गंमत आहे. म्हणून स्टॉकमधल्या १,५०० टाक्यांना २५ प्रमाणे वाढ मिळते, ३७,५०० रुपये. बाकी २६,६२,५०० त्या वर्षाच्या खर्चात, ज्यात विकलेल्या ७,५०० टाक्यांचे २५ प्रमाणे १,८७,५०० पण आले.

सगळं वाटलं असतं तर १,५०० गुणिले ३००, म्हणजे साडेचार लाख स्टॉकला चढले असते. फरक ४,१२,५०० चा, आणि तेवढाच नफा यंदा फुगला असता. तो पुढच्या वर्षी ओपनिंग स्टॉक बनून खर्चात येणारच, म्हणजे मंदीच्या वर्षाचा तोटा पुढच्या वर्षाच्या माथी. त्यात मंदीत टाकीचा भाव पडला असला तर कॉस्ट आणि एनआरव्ही यातलं कमी घ्यावं लागतं, मग चढवलेले ३०० तिथंच उतरवायची पाळी येते.

टॅक्सचं म्हणाल तर आयसीडीएस २ मधेसुद्धा हेच आहे, नॉर्मल कपॅसिटी आणि न वाटलेलं ओव्हरहेड त्या वर्षाचा खर्च. उलट त्याच्या विरुद्ध जाऊन स्टॉक फुगवला तर यंदा नसलेल्या नफ्यावर टॅक्स तुम्हीच भरता की राजेहो. नॉर्मल खर्च खरंच वाढलाय आणि तरी स्टॉकला काही दिलं नाही, तर मात्र अधिकारी बरोबर बोट ठेवेल. आपल्या उदाहरणात ते ३७,५०० आहेत, साडेचार लाख नाहीत.

चोचल्यांचा मुद्दा लवकर संपतो. एएस २ लहान कंपनीलाही लागू आहे. प्रत्यक्ष उत्पादन नॉर्मलच्या जवळपास असेल तर ते धरायची मुभा आहे, पण ९,००० हे १२,००० च्या जवळपास नाही. उलटी चूकही होते बरं का, कोणी मशीनच्या नेमप्लेटवरची १५,००० धरतो, मग रेट येतो ६६० आणि स्टॉक उगाच खाली जातो. नॉर्मल म्हणजे काही वर्षांची सरासरी, ठरलेल्या मेंटेनन्सचे दिवस वजा करून. आणि उत्पादन नॉर्मलपेक्षा खूपच वर गेलं, समजा १५,०००, तर मात्र भागाकारात प्रत्यक्ष आकडा घ्यायचा, नाहीतर स्टॉक खऱ्या खर्चापेक्षा जास्त दिसेल.

«मग टॅलीत एन्ट्री काय मारू?» हे मला दोघांनी विचारलं. बहुतेक युनिटांना काहीच नाही. आपल्या शेड्यूल ३ च्या पीअँडएलमधे कॉस्ट ऑफ सेल्स अशी ओळच नसते, पगार, डेप्रिसिएशन, इतर खर्च पूर्ण ९९ लाखासकट आधीच बसलेले असतात. तुम्ही फक्त क्लोजिंग स्टॉकमधे स्थिर ओव्हरहेड ८२५ नं धरायचं, १,५०० टाक्यांचे १२,३७,५००, उरलेलं आपोआप खर्चात राहतं. एन्ट्री लागते ती ज्यांची कॉस्टिंग आणि फायनान्शियल पुस्तकं एकत्र चालतात आणि ८०० नं अ‍ॅब्सॉर्ब्ड खातं क्रेडिट होत राहतं त्यांना, तिथं ३७,५०० स्टॉकला आणि २६,६२,५०० कॉस्ट ऑफ सेल्सला डेबिट करून अंडर-अ‍ॅब्सॉर्ब्डचे २७ लाख बंद करायचे. व्हॅल्युएशन शीटला चार वर्षांच्या उत्पादनाचा कागद जोडून ठेवा, कारण «१२,००० कुठून आणले» हे ऑडिटर विचारणारच.