मुंडकी मोजा आधी

हेडसरांना हजेरीचं ॲप दाखवताना सात मिनिटांच्या वर बोलायचं नाही, असं मी आणि माझ्या भागीदाराने ठरवलं होतं. वहीच्या पानावर स्क्रिप्ट लिहिली आणि आरशासमोर उभं राहून म्हटली. आई म्हणाली, "मुलगी बघायला चालला का?"

स्क्रिप्टची सुरुवात साधी होती. रंगीत आलेख पहिल्यांदा दाखवायचे नाहीत. हेडसरांना वर्गातली अडचण दिसते, आलेख नाही. फोन विमान मोडवर टाकायचा, हजेरी घ्यायची, मग मोड काढून ती आपोआप वर गेलेली दाखवायची. 'रेंज नसली तर?' हा आक्षेप येण्याआधीच गार.

चोपडा तालुक्यातल्या त्या शाळेत विमान मोड लावायची गरजच पडली नाही. शिपाईकाका दारातूनच म्हणाले, "रेंज नही शे भाऊ. रेंज पिंपळाखाले."

मी समजावलं, हजेरी फोनमध्येच साठते, फोन रेंजमध्ये आला की जाते.

"म्हणजे मास्तर पिंपळाखाली गेल्यावर," हेडसर म्हणाले. "त्यांना तेवढंच निमित्त पाहिजे."

मी घाईने सातवीचा वर्ग उघडला. पट 42. सगळी नावं आधीच हिरवी, म्हणजे हजर. गैरहजर असेल त्याच्यावरच बोट ठेवायचं, की तो लाल. अडतीस वेळा बोट आपटण्याऐवजी चार वेळा. "बारा सेकंद, सर!"

व्यापाऱ्याने कापसाला न मागता चांगला भाव सांगितला की शेतकरी त्याच्याकडे जसा बघतो, तसं सरांनी माझ्याकडे बघितलं.

"आणि मास्तरने वर न बघताच बटण दाबलं तर?"

यावर स्क्रिप्टमध्ये होतं, 'हसून पुढे जाणे.' मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी कपाटातून हजेरीचा कॅटलॉग आणि पोषण आहाराची नोंदवही काढली आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. "हे बघ. कॅटलॉगात 42, खिचडीला ताटं 38. चार पोरं काय हवा खाऊन राहिली का भो?"

"मग करायचं काय, सर?"

"मुंडकी मोजा आधी. आकडा टाका. नावं मग."

एवढं साधं होतं. आधी शिक्षक 38 टाकणार. 42 मधून 38 गेले, चार उरले. चार नावं लाल होईपर्यंत जतन करायचं बटण उघडणारच नाही. न मोजता कोणी 42 ठोकले, तर दुपारी ताटांचा आकडा आहेच. डबा आणणारी एक-दोन पोरं असतात, त्यामुळे तेवढ्या फरकावर ओरडायचं नाही. चार-पाचाचा फरक दिसला, तरच सरांच्या फोनवर खूण. आमच्या बारा सेकंदांची पार वाट लागली, पण हजेरी खरी झाली.

आता माझा हुकमी एक्का. मुलगा आला नाही की पालकांना एसएमएसने मेसेज. मी वाचून दाखवला: 'आपला पाल्य रोहित आज शाळेत गैरहजर आहे. कृपया वर्गशिक्षकांशी संपर्क साधावा.'

"पैसे?"

इथे मात्र माझा अभ्यास पक्का होता. देवनागरीत एका मेसेजात 70 अक्षरं बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, मोकळी जागा, सगळं वेगळं मोजतात. आमचा मजकूर 73 भरत होता. तीन अक्षरांपायी दोन मेसेजांचे पैसे. "म्हणून 'कृपया' काढलं सर. 67."

"आणि रोहितऐवजी ज्ञानेश्वर?"

मी बोटांवर मोजलं. रोहित पाच, ज्ञानेश्वर दहा. 72. पुन्हा दोन मेसेज.

"पोराचं नाव ठेवतानाच विचार करायला पाहिजे होता त्याच्या बापाने," सर म्हणाले. मग थांबून, "पण हे कळवतो कोणाला? दिवाळीनंतर कापूस वेचायला पोराला बापच घेऊन जातो. त्याला मेसेज टाकून सांगतो, की तुझं पोर तुझ्याजवळ आहे?"

मेसेज पहिल्या दिवशी नकोच, असं ठरलं. लागोपाठ तीन दिवस खाडा झाला की वर्गशिक्षकाच्या फोनवर नाव वर यावं. त्याने स्वतः फोन करावा, नाहीतर संध्याकाळी घरी चक्कर मारावी. मेसेजांचा खर्च शून्य. आमच्या दरपत्रकातली सगळ्यात जाड ओळ तिथेच गेली.

चहा येईपर्यंत सात मिनिटांची पंचावन्न झाली होती. शेवटचा आक्षेप राहिला होता: चुकून हजरचा गैरहजर झाला तर? मी ऐटीत सांगितलं, दुरुस्ती करता येते, पण आधीची नोंद पुसत नाही. कोणी, कधी, का बदलली ते खाली राहतं.

"बरं," म्हणत सरांनी भेट नोंदवही पुढे सरकवली. मी येण्याची वेळ अकरा लिहिली, होती साडेदहा. अकरा खोडून वर साडेदहा लिहिली.

सरांनी खाडाखोडीवर बोट ठेवलं. "इथे छोटी सही कर. आणि कारण लिही."