‘प्रोफेशनलच घ्या’ वाल्या मेसेजमधे कागद कुठंय?

«मूल चित्रं काढत असेल तर पहिल्यापासून प्रोफेशनल साहित्यच घ्या. स्वस्त पेन्सिलींनी हात बिघडतो, स्टुडंट रंगांनी चित्र फिकट येतं. १२ पेन्सिलींचा सेट, आर्टिस्ट ग्रेडच्या ट्यूबा आणि सेबलचा ब्रश एकदाच घेऊन टाका, नंतर टेन्शन नाही.»

आधी पेन्सिल. शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती, माती जास्त तर कडक आणि फिकट ती एच, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी ती बी, आणि हे गणित शाळेबाहेरच्या दुकानातल्या साध्या पेन्सिलीतही तेच असतं. हात बिघडतो तो उलट सेटमधल्या ३एच-४एचने, पोरं फिकट दिसते म्हणून ती दाबतात, कागदात चर पडते आणि वरून ६बी फिरवली की तिथं पांढरी रेघ उमटते, मग खोडरबर कितीही घासा. नाशकात रविवार कारंजावर जाऊन एचबी, २बी, ४बी, ६बी सुट्या घ्या, विषय संपला. टोक करताना शिशाचे तुकडे सारखे गळत असतील तर पेन्सिल बहुतेक वेळा कुठंतरी आपटलेली असते, महागडीसुद्धा अशीच तुटते.

आता रंग. इथं मेसेज अर्धा खरा आहे. आर्टिस्ट ग्रेडमधे रंगद्रव्य जास्त असतं, स्टुडंटमधे भर घातलेली असते आणि कॅडमियम-कोबाल्टसारख्या महाग रंगांच्या जागी स्वस्त पर्याय असतात, ट्यूबवर नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असतं ते त्यासाठीच. उन्हात काही रंग लवकर उडतात हेही खरं, पण ते भिंतीवर टांगायच्या किंवा विकायच्या चित्रासाठी, नववीतल्या पोराचा सराव फायलीत पडून असतो. आणि ‘फिकट येतं’ म्हणाल तर जलरंग कोणत्याही ग्रेडचा असू दे, ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की एक पायरी उतरतो. म्हणजे पाणी कमी आणि रंग जास्त घ्यायला शिकायचंय, आणि ट्यूब महाग असली की पोरं नेमकी तिथंच कंजुषी करतात, मोहरीएवढा रंग काढतात नि पाण्याने पसरवत बसतात.

पण खरी गंमत ही की एवढ्या यादीत कागदाचं नावच नाही! समजा पोराला नारोशंकराच्या देवळाचा काळा दगड आणि मागचं आकाश रंगवायचंय. शाळेच्या ड्रॉइंग वहीच्या पातळ पानावर सगळ्यात भारी निळा लावला तरी पान फुगतं, खळग्यात पाणी साचतं, तिथं डाग वाळतो, आणि दुसरा हात मारायला गेलं की कागदाच्या बारीक गुठळ्या निघतात, मग आपण म्हणतो की रंग वाईट. तेच आकाश साध्या स्टुडंट रंगाने ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड जलरंग कागदावर केलं तर पान जेमतेम वाकतं आणि रंग एकसारखा उतरतो. कारण चांगल्या कागदाला सायझिंग म्हणजे पाणी रोखणारा लेप असतो, पाणी लगेच आत शोषलं जात नाही, म्हणून रंग हलवायला आणि चुकलेला उचलायला वेळ मिळतो. ओळखायचं कसं तर एक थेंब टाका, वर टिकून राहिला तर ठीक, लगेच पसरून मागून ओलं दिसलं तर तो पेन्सिलीचा कागद. कॉटनचा कागद सगळ्यात सरस पण महाग, सुरुवातीला लाकडाच्या लगद्याचा ३०० जीएसएम पुरतो, फक्त त्यावर फार घासाघीस चालत नाही. मोठं शीट २२ बाय ३० इंचाचं येतं, त्याचे आठ तुकडे केले की प्रत्येकी ए४पेक्षा जरासा लहान होतो आणि पॅडपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतो. एक मात्र, एप्रिल-मेमधे आपल्याकडची हवा इतकी कोरडी की चांगल्या कागदावरही आकाशाची कड अर्ध्यात वाळते, गोदाघाटावर बसायचं तर सकाळीच, किंवा आधी पूर्ण आकाश साध्या पाण्याने ओलं करून घ्यायचं.

सेबल म्हणजे जनावराच्या केसांचा ब्रश, त्याचं थोडक्यात सांगतो. पाणी भरपूर धरतो, चांगला असतो, पण पोरं ब्रश पाण्याच्या डब्यात डोक्यावर उभा ठेवतात आणि टोक कायमचं वाकतं. सिंथेटिक राउंड ८ नंबर आणि इंचभर रुंद फ्लॅट, बस. ओला करून झटकला की एक टोक झालं पाहिजे, दोन झाले तर दुसरा मागा.

पंधराशे रुपये असतील तर पेन्सिली आणि खोडरबर शंभराच्या आसपास, १२ स्टुडंट ट्यूबांचा बॉक्स आणि दोन ब्रश मिळून पाचशे-सहाशे, आणि उरलेले सगळे कागदाला. अगदी बिननावाच्या खडूसारख्या वड्या आणि प्लॅस्टिकचा ब्रश असलेला सेट मात्र नकोच, त्याबाबत मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही. आर्टिस्ट ग्रेड नंतर घ्यायचीच तर आधी जी ट्यूब पहिल्यांदा संपली फक्त त्याच रंगाची एक घ्या, बहुतेक ती निळीच निघेल.