अवघड टॉपिक ऑप्शनला टाकायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

«नर्सिंग फायनल 21 दिवसांत!! रोज एक विषय संपवा, संपला की मागे वळून बघू नका. प्रत्येक धडा 4 वेळा वाचा, महत्त्वाच्या ओळी हायलाइट करा. अवघड टॉपिक सरळ ऑप्शनला टाका, येतं तेच पक्कं करा. मागच्या 5 वर्षांचे पेपर बघा, प्रश्न तेच येतात. पहाटे 4 ला उठा. सर्व मैत्रिणींना पाठवा.»

हे माझ्या भाचीच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर आलं. ती जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला आहे, परीक्षेला सहा आठवडे आहेत. रात्री तिचा फोन आला, "मावशी, एक्लॅम्पसिया सोडला तर चालेल का गं? मॅगसल्फचे डोस डोक्यात राहतच नाहीत." मी लेबर रूममध्ये काम करते. झटके येणारी बाई समोर असताना हा विषय कुणालाच सोडता येत नाही, म्हणून आधी त्याच मुद्द्यावर बोलते.

मी तिला फोनवरच विचारलं, "50 टक्के मॅगसल्फच्या 2 मिलीत किती ग्रॅम?" ती गप्प. तिला वाटत होतं की अख्खा धडाच कच्चा आहे. कच्चं होतं ते टक्क्याचं गणित. 50 टक्के म्हणजे 100 मिलीत 50 ग्रॅम, म्हणजे 2 मिलीत 1 ग्रॅम. एवढं कळलं की बाकीचं ओळीने येतं. प्रिचर्ड पद्धतीत आधी 4 ग्रॅम शिरेतून, तेही 20 टक्के करून: 8 मिली औषध, त्यात 12 मिली डिस्टिल्ड वॉटर, असं 20 मिली किमान 5 मिनिटं घेऊन हळूहळू. मग दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, म्हणजे प्रत्येक बाजूला 10 मिली, खोल स्नायूत. पुढे दर 4 तासांनी 5 ग्रॅम, बाजू बदलत. प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी बघायच्या: नी जर्क येतोय का, श्वास मिनिटाला 16 किंवा जास्त आहेत का, लघवी तासाला 30 मिली तरी होतेय का. एक जरी नसली तर डोस थांबवायचा. श्वास मंदावला तर कॅल्शियम ग्लुकोनेट 1 ग्रॅम शिरेतून, हळू.

जास्तीचा वेळ द्यायचा तो असा. कच्चा टॉपिक पुन्हा पहिल्या पानापासून वाचण्यात दोन तास जातात आणि नेमकी अडलेली जागा तशीच राहते. त्याऐवजी टॉपिकचे प्रश्न पाडायचे. या धड्याचे आम्ही सात पाडले आणि त्यातल्या तीनच प्रश्नांना ती अडली. तिचा जादा वेळ त्या तिघांचा.

आता चार वेळा वाचण्याबद्दल. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा वाचून पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. 5 मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांच्या लक्षात 42 टक्के राहिलं होतं आणि लिहून काढणाऱ्यांच्या 56 टक्के. म्हणजे चार वेळा वाचल्यावर "येतंय" असं वाटतं ते खोटं नाही, पण ते त्या संध्याकाळपुरतं आहे. परीक्षा त्या संध्याकाळी नसते. हायलाइटरचंही तेच. पान रंगलं म्हणजे उत्तर लिहिता येईलच असं नाही. वही मिटा, कोऱ्या कागदावर लिहा, मग उघडून लाल पेनाने तपासा.

रोज एक विषय संपवून मागे न बघण्याने हेच नुकसान दुप्पट होतं, कारण पहिल्या दिवशीचा विषय परीक्षेपर्यंत तीन आठवडे कुणी हातच लावलेला नसतो. भाचीबरोबर बसून मी नुसत्या मिडवायफरी-गायनॅकचं वेळापत्रक केलं. टॉपिक निघाले 36. "मला येतं" यावर विश्वास न ठेवता प्रत्येकावर जुन्या पेपरातला एक प्रश्न न बघता लिहायला लावला. 15 चांगले, 12 अर्धवट, 9 कच्चे.

कच्चे नऊ पहिल्या 14 दिवसांतच सुरू करायचे. प्रत्येकाला आधी दोन तास, मग 1, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी वीस-वीस मिनिटं वही मिटून उत्तर. 28 वा दिवस परीक्षेआधी यायला हवा, म्हणून त्यांची सुरुवात लवकर. अर्धवट टॉपिकला एक तास आणि 1, 7, 21 व्या दिवशी दहा मिनिटं. चांगल्याला अर्धा तास आणि 7 व 21 व्या दिवशी दहा मिनिटं. सगळं मिळून साधारण साडेत्रेसष्ट तास होतात, सहा आठवड्यांत रोजी सरासरी दीड तास. पहिले तीन आठवडे जड जातात, कारण नवे टॉपिक आणि उजळणी दोन्ही चालू असतात. तीन आठवड्यांनंतर नवं काही काढायचं नाही, नुसती उजळणी उरते, आणि मोकळा झालेला वेळ कम्युनिटी हेल्थला जातो.

नियम एकच: उत्तर चुकलं तर तो प्रश्न पुन्हा उद्यावर, मग परत 3 आणि 7. बरोबर आलं तरच पुढच्या अंतरावर. हे मोडतं कुठे तेही सांगते. नाइट ड्युटी लागली की दोन दिवसांची उजळणी साचते आणि पोरी सगळी एका बैठकीत उरकायला बघतात. तसं करू नका. साचलेल्यातले कच्चे आधी करा, चांगले दोन-तीन दिवस पुढे ढकला, त्यांना काही होत नाही. आणि सगळेच टॉपिक कच्च्यात टाकू नका. 36 च्या 36 ना पाच उजळण्या दिल्या तर दुसऱ्या आठवड्यातच वेळापत्रक कोसळतं.

जुन्या पेपरांबद्दल त्या मेसेजने अर्धं खरं सांगितलंय, मान्य आहे. पीपीएच, पार्टोग्राफ, नवजात बाळाची काळजी हे विषय फिरून फिरून येतात. पण पेपर बघून उपयोग नाही, लिहून बघायचे. व्हायवाला तर तोच प्रश्न तसा कधीच येत नाही. पहाटे चारचं म्हणाल, तर नाइट करून सकाळी आठला वॉर्डातून सुटणाऱ्या मुलीला हे सांगणाऱ्याने हॉस्टेल पाहिलेलं नाही. तिने आधी झोपावं.

काल भाचीच्या मॅगसल्फचा सातवा दिवस होता. फोनवर डोस, मिली, तिन्ही तपासण्या धडाधड सांगितल्या. कॅल्शियम ग्लुकोनेट किती ते अडलं, 10 ग्रॅम म्हणाली. सहा प्रश्न चौदाव्या दिवसावर गेले. तो एक आज रात्री परत विचारणार आहे.