रद्द कशाला करता? फुकटात उतरा!

रद्द करणं हा तुटक स्वभावाच्या माणसांचा उद्योग आहे. आपल्याकडे संबंध तोडत नाहीत, फक्त पैसे देणं थांबवतात. भिशीतून बाहेर पडलेला माणूस भिशीच्या जेवणाला येतोच की नाही? तोच उदार दृष्टिकोन तुम्ही गूगलच्या साठवणुकीलाही लावावा, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

तुमच्याकडे 100 जीबीचा प्लॅन आहे आणि महिन्याला 130 रुपये कटतात. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ती ओळ अचानक डोळ्यांत खुपली. आता एक मार्ग असा, की आधी सगळा माल उतरवून घ्यायचा, नको ते उडवायचं, वापर गूगलच्या फुकट 15 जीबीच्या आत आणायचा आणि मग प्लॅन बंद करायचा. यात दोन-तीन रविवार जातात आणि 2016 च्या सहलीचे एकसारखे चाळीस फोटो बघत बसावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे प्लॅन बंद करायचा आणि बाकी काहीही करायचं नाही. खातं शाबूत, फोटो शाबूत, वर 15 जीबी फुकट. पुढचं सगळं या दुसऱ्या मार्गाच्या वाटसरूंसाठी.

हिशोबाला सोपं जावं म्हणून समजा, तुमचा वापर 68 जीबी आहे. त्यात फोटो आणि व्हिडिओ 46, जीमेल 12, ड्राइव्हमधल्या फायली 6 आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप 4. तो बॅकअप पूर्वी मोजला जात नसे. आता अँड्रॉइडवर तोही याच खात्यातून वजा होतो. म्हणजे फुकटच्या 15 वर तुमचे 53 जीबी जास्त आहेत. घाबरू नका आणि मुख्य म्हणजे काही करू नका. बटण दाबा.

दाबलंत? बघा, काहीच झालं नाही. भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत तर होणारच नाही, आणि संपल्यावरही फोटो दिसत राहतात, जुन्या मेल उघडतात, ड्राइव्हमधली फाइल उतरवता येते. इथे तुम्ही ऑफिसात सांगत सुटायचं, की हे कंपनीवाले उगाच घाबरवतात, मी 68 जीबी फुकटात वापरतोय. ऐकणाऱ्यांपैकी निदान दोघे त्याच संध्याकाळी आपापला प्लॅन बंद करतील. पुण्य लागेल.

तुमच्या मनातलं चित्र मला माहीत आहे. ट्रंकेत मावलं तेवढं ठेवलं, उरलेलं माळ्यावर टाकलं; तसे 15 जीबी हक्काचे आणि वरचे 53 बाजूला काढून ठेवलेले. चित्र सुरेख आहे, पण गूगलकडे माळा नाही. तिथे अमुक फोटो मर्यादेतला आणि तमुक मर्यादेबाहेरचा, अशी वाटणी होतच नाही. मर्यादा ओलांडली ती अख्ख्या खात्याने, आणि थांबतं तेही अख्खं खातं. नवे फोटो वर चढत नाहीत, ड्राइव्हमध्ये नवी फाइल टाकता येत नाही, नवं डॉक किंवा शीट सुरू करता येत नाही. आणि जीमेलवरून मेल जात नाही, येतही नाही.

या शेवटच्या वाक्यावरून बहुतेक जण घाईने पुढे जातात. तुम्हीही जा. कारण यातली खरी गंमत पुढे आपोआप कळते, आणि तीही दुसऱ्यांकडून. तुम्हाला मेल पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला जीमेल उत्तर देतं:

```
552 5.2.2 The email account that you tried to reach is over quota
```

ही ओळ तुम्हाला दिसत नाही, पाठवणाऱ्याला दिसते. गावाकडून चुलतभाऊ सातबाऱ्याचा स्कॅन पाठवतो, त्याला मेल परत येते, तो फोन करतो, "अरे दादा, तू जीमेल सोडलंस का?" चुलतभाऊ निदान फोन तरी करतो. विमा कंपनीचं यंत्र करत नाही. हप्त्याची आठवण पाठवली, परत आली, नोंद झाली, विषय संपला. क्रेडिट कार्डाचं बिल, मुलाच्या प्रवेशाची यादी, पासवर्ड बदलायचा दुवा, सगळे दारापर्यंत येऊन माघारी गेलेले. तुमच्या इनबॉक्सात मात्र छान शांतता. कित्येक वर्षांत प्रथमच जाहिराती येईनाशा झाल्या म्हणून तुम्ही खूशही व्हाल.

आणि अशा परत गेलेल्या मेल कुठे रांगेत उभ्या नसतात बरं का. चार महिन्यांनी जागा मोकळी केलीत तर त्या दिवसापासूनच्या मेल येतील. मधल्या चार महिन्यांच्या हव्या असतील तर विमा कंपनीला, बँकेला आणि चुलतभावाला, प्रत्येकाला वेगळी विनंती करावी लागेल.

प्लॅन घरच्यांबरोबर वाटून घेतला असेल तर आनंद गुणाकाराने वाढतो. फॅमिली शेअरिंगमध्ये तुमच्याशिवाय आणखी पाच जण त्याच 100 जीबीवर बसू शकतात. तुम्ही प्लॅन बंद केलात की प्रत्येक जण आपापल्या 15 जीबीवर परत जातो. बाबांच्या खात्यात भजनाचे व्हिडिओ धरून 22 जीबी असतील, तर बाबांचं जीमेलही बंद. त्यांना हे सांगायची मुळीच गरज नाही. पेन्शनच्या कागदांची मेल का आली नाही, हे शोधायला ते बँकेत जातील, तेवढंच चालणं होईल.

एवढ्यावर काही भित्रे वाचक साफसफाईला बसतील. त्यांनाही माझ्याकडे सल्ला आहे: सुरुवात सर्वांत जुन्या फोटोंपासून करा. तर्काला धरून आहे, जुनं आधी काढावं. फक्त 1 जून 2021 च्या आधी "हाय क्वालिटी" या सोयीने चढवलेले फोटो गूगल तुमच्या कोट्यात मोजतच नाही. बारशापासून मुंजीपर्यंतचे हजारभर फोटो तुम्ही जड अंतःकरणाने उडवाल, आणि मीटर 68 चं 68 राहील. जागा खातात ते त्या तारखेनंतरचे फोटो, आधीचे मूळ आकारात चढवलेले, आणि त्यांच्याहून जास्त व्हिडिओ. हे one.google.com/storage या पानावर मोठ्या फायली आधी लावून दाखवलेलं असतं, पण तिकडे कशाला जायचं? जीमेलच्या शोधात

```
has:attachment larger:10M
```

असं टाकलं की दहा एमबीवरच्या मेल एका फटक्यात समोर येतात, हेही विसरा. आणि उडवलेलं सगळं ट्रॅशमध्येच राहू द्या. जीमेल आणि ड्राइव्हचं ट्रॅश 30 दिवसांनी आपोआप रिकामं होतं, फोटोंचं 60 दिवसांनी. तोवर जागा काही सुटत नाही.

कोणी शहाणा सांगेल, की संगणकावर गूगल फोटोजच्या सेटिंगमध्ये "Recover storage" आहे, ते दाबलं की मूळ आकाराचे फोटो जास्तीत जास्त 16 मेगापिक्सेलवर दाबून बसवले जातात आणि बरीच जागा सुटते. खरं आहे. पण ते मागे फिरवता येत नाही, आणि तुमच्या मूळ प्रती दुसरीकडे कुठेच नाहीत. कारण फोन भरला तेव्हा तुम्हीच "Free up space" दाबलं होतं, आणि त्याने फोनमधल्या प्रती काढून टाकल्या. गॅलरीत दिसतो म्हणून फोटो फोनमध्येच आहे असं मानण्याची पद्धत आहे. तपासायचंच असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून जुना व्हिडिओ चालवून बघावा. पण मग रात्री झोप येणार नाही.

माल उतरवायचाच असेल तर गूगल टेकआउट आहे. तिथे पोचवण्याची जागा विचारतात. बिनधास्त ड्राइव्ह निवडा. भरून वाहणाऱ्या खात्यातला 68 जीबीचा गठ्ठा त्याच भरून वाहणाऱ्या खात्यात ठेवायला सांगण्यात वेगळीच मजा आहे. ईमेलने दुवा मागवणारे लोक फार व्यवहारी. तो दुवाही आठवडाभरच चालतो, आणि गठ्ठा तयार व्हायला कधी तास लागतात, कधी दिवस. शिवाय दुव्याची मेल कुठे येणार, तर त्याच जीमेलवर. म्हणून हे सगळं प्लॅन चालू असताना करायचं असतं, असं ते व्यवहारी लोक म्हणतात. 50 जीबीचे तुकडे ठेवले तर दोन फायली येतात, 2 जीबीचे ठेवले तर तीस-चाळीस. फोटोंच्या शेजारी .json नावाच्या असंख्य चिटुकल्या फायली येतात. कचरा समजून लगेच उडवून टाका. गूगल फोटोजमध्ये तुम्ही दुरुस्त केलेली तारीख, ठिकाण आणि लिहिलेली ओळ त्यांच्यातच असते. ती गेली की बारसं, मुंज आणि लग्न एकाच दिवशी झालेलं दिसू शकतं.

काही जणांना वाटतं, निदान फुकटचा आकडा तरी पक्का आहे. त्यांनी फ्लिकर ही फोटो ठेवायची साइट आठवावी. 2013 मध्ये फ्लिकरने प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट दिली. लोकांनी भरभरून फोटो चढवले. 2018 मध्ये मालक बदलला आणि त्याच नोव्हेंबरात जाहीर झालं, की फुकट खात्याला फक्त 1000 फोटो. जानेवारी 2019 मध्ये हजाराच्या वर गेलेल्यांचं चढवणं थांबलं, आणि हजाराच्या वरचे फोटो काढून टाकायची मुदत लागली. काढायचे ते जुन्यापासून नव्याकडे, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचे आधी. तिथे निदान कुठले जाणार ते ठरलेलं होतं. गूगलचा नियम अधिक समतावादी आहे. खातं सलग दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलं, तर जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोजमधला सगळाच मजकूर काढला जाऊ शकतो. वरचे 53 जीबी नाही, सगळे 68. आधी निदान तीन महिने ईमेलने आणि सूचनांनी कळवू, असं ते म्हणतात. तोवर पडद्यावरची "जागा संपली" ही पट्टी न बघता पुढे सरकवण्याची तुमच्या बोटाला उत्तम सवय लागलेली असेल.

बहुतेक जण मात्र इतका पल्ला गाठत नाहीत. फोन पाण्यात पडतो, आणि प्लॅन संपल्यापासूनचा एकही फोटो वर गेलेला नसतो, हे दुरुस्तीवाल्याच्या काउंटरवर कळतं. किंवा बाबा बँकेतून परत येतात. मग नवरा-बायकोत थोडं बोलणं होतं, आणि 130 रुपये पुन्हा भरले जातात. भरताक्षणी सगळं पूर्ववत होतं, म्हणजे जे उरलं आहे ते. जीमेल पुन्हा सुरू होतं, आणि सगळ्यांत आधी पैसे मिळाल्याची पावती येते.